जोड की जोडी

मे महिन्याची एकोणतीस तारीख, गुरुवार. रक्कम सदतीस हजार रुपये. हजर होते शाळेचे सचिव, मुख्याध्यापिका मॅडम, माझी बायको आणि मी. मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदांवर पेपरवेट ठेवले होते. ऑर्डरच्या पत्रावर बायकोनं सही केली आणि पुरवठादाराच्या नावाखाली तारीख घातली. ती सही करताना मला भीती वाटली नाही, हे आधी सांगून टाकतो. भीती वाटायला दोन दिवस जावे लागले.

आम्ही दुसरबीडला राहतो. मी एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. घराच्या पुढच्या खोलीत बायकोची पाच शिलाई मशीनं आहेत आणि गावातल्या चार बायका तिच्याबरोबर शिवतात. ब्लाऊज, परकर, पडदे, पिशव्या, जे येईल ते. शाळेच्या गणवेशाचं मोठं काम हे पहिलंच. शाळा आमच्याच तालुक्यातली, साखरखेर्ड्याच्या बाजूची. मुलींचे कपडे त्यांनी दुसरीकडं दिले होते. आमच्याकडं फक्त मुलं, पाचवी ते दहावी, दोनशेदहा.

कोटेशन मी लिहिलं होतं. कापड शाळेचं, शिलाई आमची. धागा, बटणं, चेन, कॅनव्हास, काज, इस्त्री आणि पिशवी आमच्यात. शाळेनं एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवसांत मुलांची मापं घेऊन ठेवली होती, ती यादी आम्हाला दिली. छातीच्या नंबरवरून मी तीन गट केले, कारण चाळीस नंबरच्या शर्टाला आणि सव्वीस नंबरच्या शर्टाला एकच दर लावला तर कुणीतरी फसतं. सव्वीस ते तीस नंबर, नव्वद मुलं, दर एकशे साठ. बत्तीस-चौतीस, सत्तर मुलं, एकशे ऐंशी. छत्तीस ते चाळीस, पन्नास मुलं, दोनशे. चौदा हजार चारशे, बारा हजार सहाशे, दहा हजार. बेरीज मी तीनदा केली होती. सदतीस हजारच येत होते.

मुदत होती एकवीस जून, शनिवार, संध्याकाळी पाच. सोमवारी शाळा उघडणार होती. पत्राच्या शेवटी एक अट होती: मुदतीत पूर्ण माल न दिल्यास ऑर्डर रद्द समजण्यात येईल व शाळेच्या कापडाची किंमत पुरवठादारानं भरून द्यावी. मी ती वाचली होती. बायकोनं घरी हिशेब सांगितला होता: पाच मशीनं, दिवसाला दहा-अकरा जोड, वीस दिवसांत आरामात. म्हणून अट वाचूनही मी पुढं गेलो.

शनिवारी टेम्पो आला. ड्रायव्हर आणि मी मिळून ताके उतरवत होतो. पांढरं शर्टिंग, निळं सुटिंग. ताके भिंतीला उभे करत गेलो, ती भिंत भरली, मग दुसऱ्या भिंतीला लावले. बायको दारात उभी होती. म्हणाली, "येवढं काऊन आणलं यायनं?"

"मोठ्या पन्ह्याचं आहे, दिसतं जास्त," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं चलन हातात दिलं. शर्टिंग तीनशे साठ मीटर. सुटिंग चारशे साठ मीटर.

दारातच उभं राहून मी मनात भागाकार केला. मोठ्या पन्ह्यात लहानमोठे शर्ट धरून सरासरी पाऊण मीटरच्या थोडं वर लागतं, पॅन्टला मीटरच्या थोडं वर. दोनशेदहा शर्टांना एकशे ऐंशी मीटर पुष्कळ. पॅन्टला दोनशे तीस. आलेलं कापड दोन्हीकडं बरोबर दुप्पट होतं. थोडं इकडं-तिकडं असतं तर शाळेनं अंदाजानं जास्त मागवलं असं म्हटलं असतं. बरोबर दुप्पट म्हणजे कुणीतरी विचार करून मागवलेलं.

मी आत गेलो आणि शाळेचं पहिलं पत्र काढलं, ज्यावरून कोटेशन लिहिलं होतं. त्यात होतं: 'विद्यार्थीसंख्या २१०. गणवेश जोडीचे शिलाई दर कळवावेत.' मी कोटेशनमध्ये लिहिलं होतं: 'शिलाई दर, प्रति जोड.' ऑर्डरच्या पत्रातही तेच उतरलं होतं. आमच्याकडं कपड्यांचा जोड म्हणजे वरचं आणि खालचं, एक शर्ट, एक पॅन्ट. पोराला दिवाळीला एक जोड घेतला म्हणजे एवढंच. त्यांनी जोडी लिहिलं ते मी घाईत लिहिलेलं समजलो आणि नीट मराठी म्हणून जोड केलं. त्यांच्या मनात जोडी म्हणजे प्रत्येक मुलाला दोन गणवेश होते. एका वेलांटीवर दोनशेदहाचे चारशेवीस झाले होते, आणि पैसे सदतीस हजारच होते.

बायकोला सांगितलं. तिनं उभे ताके एकेक करून मोजले. मग म्हणाली, "चारशेवीस एकवीस तारखेपर्यंत होत नाई. रात्रंदिवस बसलो तरी नाई."

"झाले तरी निम्म्या पैशात धाग्याचे आणि बायकांचे पैसे निघत नाहीत."

"आन् नाई झाले तं?"

मी कापडाची किंमत काढली. बाजारात शर्टिंगचा जो भाव चालू होता आणि सुटिंगचा जो होता, त्यावरून एक लाख आठ हजारांच्या वर. ती विचारत होती ते मला कळत होतं. पाची मशीनं जुन्या भावात विकली तर त्याच्या निम्मेसुद्धा आले नसते. आणि मशीनं गेली की ती खोली परत नुसती खोली. तिनं ती खोली कशी उभी केली ते मी पाहिलं होतं.

कटिंग मास्तरांना दुपारी बोलावलं होतं. ते मेहकरहून कापायचं मशीन पिशवीत घालून मोटारसायकलवर आले. ताके पाहून खूष झाले. "वा, भरपूर कापड! मोकळं कापू."

मी म्हणालो, "मास्तर, आज कापायचं नाही."

"मंग काय पूजा करायची?"

"एकदा कैची लागली की आपण कापड घेतलं असं होतं. मग चारशेवीसच द्यावे लागतील."

मास्तरांनी चलन वाचलं, पत्र वाचलं, आणि हसायचं सोडलं. "तं मी काय करू? माझ्या दुसऱ्या कामाच्या तारखा लागून राह्यल्या."

"सोमवारी सांगतो."

"सोमवारी सांगाल आन् शुक्रवारी म्हणाल कापा. आठ आठ घड्या एकदम कापणं म्हणजे भाजी चिरणं नाई, भाऊ." ते चहा घेऊन गेले. मशीनची पिशवी त्यांनी आमच्याकडंच ठेवली, याचा मला थोडा धीर वाटला.

रविवारी चारही बायका आल्या होत्या. त्यांना काय सांगावं ते कळेना. पेरणीआधीची शेतातली कामं सोडून त्या या ऑर्डरसाठी आल्या होत्या. एकीनं तर तूर साफ करायचं रोजचं काम सोडलं होतं. बायकोनं खरं सांगितलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्या म्हणाल्या, "जोडी म्हणजे दोन हे त्यायले कोनं शिकवलं? माह्या जोडीचा नवरा गेला तं मी अर्धी झाली का?"

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी घरची उसवलेली पोती आणि पडदे शिवले, आणि बायकोनं त्याचे पैसे द्यायची तयारी दाखवली. त्यांनी घेतले नाहीत.

सोमवारी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका मॅडम दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, बोलणं शांत आणि शुद्ध. मी पत्र आणि कोटेशन शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचलं, मग कपाटातून तुलनात्मक तक्ता काढला, ज्यात तीन कोटेशनचे दर शेजारी शेजारी लिहिले होते. दुसऱ्या दोन दुकानांनी शर्टाचा आणि पॅन्टचा दर वेगवेगळा दिला होता, नगावर. मॅडमनी त्यांची बेरीज करून दोननं गुणली होती. माझ्या दराला गुणाकार नव्हता, कारण 'जोड' लिहिलं होतं.

"म्हणजे तुमचा दर निम्मा नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. एका गणवेशाचा आहे. तरीही त्यांच्यापेक्षा कमीच आहे. त्या दोघांतल्या स्वस्त दुकानाचा एकशे नव्वद सरसकट, म्हणजे दोनशेदहाला एकोणचाळीस हजार नऊशे. आमचे सदतीस."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "यावर माझी सही आहे. समितीत मीच सांगितलं, दर निम्म्यावर आला आहे म्हणून. मला वाटलं होतं, घरगुती काम, म्हणून स्वस्त." बोलता बोलता त्यांनी तक्त्यावरची स्वतःची सही हातानं झाकली. मी तिथं गेलो होतो ते स्वतः घाबरून. समोरचा माणूसही घाबरलेला आहे हे पाहून धीर येतो असं म्हणतात. मला आला नाही. उलट वाटलं, आता यांना स्वतःला वाचवायचं असेल तर त्या माझ्याच सहीवर बोट ठेवतील.

"सचिव साहेब औरंगाबादला गेलेत," त्या म्हणाल्या. "बुधवारी येतील. तोपर्यंत कापडाला हात लावू नका."

बुधवारपर्यंत पाच मशीनं गप्प होती. मी कामावर जात होतो, खतांच्या बिलांवर आकडे लिहीत होतो, आणि दर थोड्या वेळानं मनात तोच हिशेब: आज दहा जोड गेले, उद्या आणखी दहा. आता चारशेवीस सोडाच, दोनशेदहासुद्धा अवघड होत चालले होते. रात्री जेवताना बायको एकदाच म्हणाली, "तुमी त्यायचं अक्षर नीट केलं नसतं तं..." आणि मला वाढायला लागली.

बुधवारी आम्ही दोघंही गेलो. सचिव वयानं माझ्याएवढेच, मोठ्या शेतीचे धनी, आवाज मोठा, मनात असेल ते तोंडावर. त्यांना मॅडमनी आधी सांगितलं होतं.

"काऊन हिशेबनीस," ते म्हणाले, "बैलाची जोडी घ्याले गेले तं किती बैल आणता? एक?"

"दोन, साहेब."

"चपलेचा जोड घेतला तं एका पायात घालता काय?"

"साहेब, लुगड्या-चोळीचा जोड म्हणजे दोन लुगडी नसतात," मी म्हणालो. "कपड्यांचा जोड म्हणजे वर एक, खाली एक."

"सही कोनाची हाय?"

"माझी," बायको म्हणाली.

"मंग झालं. सदतीस हजार, चारशेवीस गणवेश, एकवीस तारीख. नाई जमत तं कापडाचे पैसे ठेवा इथं." त्यांनी टेबलावर बोट आपटलं.

खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तयार करून नेलेले आकडे सगळे विसरलो. एवढंच आठवत होतं की कापड न कापलेलं आहे. तेच म्हणालो: "साहेब, कापड जसं आलं तसं आहे. एका ताक्याची घडीसुद्धा मोडली नाही. तुम्ही म्हणाल तर उद्या टेम्पोनं परत आणून देतो. भाडं माझं."

त्यांचं टेबलावरचं बोट मागं गेलं. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. कापलेलं कापड असतं तर त्यांच्या हातात आम्ही होतो. न कापलेल्या कापडाची भरपाई कुणाकडून घ्यायची?

तेव्हा मॅडम बोलल्या. त्यांचा आवाज बारीक होता. "साहेब, परत आलं तर दुसरे दोघं आता एकवीस तारखेला देणार नाहीत. मी दोघांना फोन केला. एक म्हणाला पंधरा ऑगस्ट. आणि शाळा उघडायच्या दिवशी कार्यक्रमाला पाहुणे बोलावलेत."

"तुमी फोन केले?"

"केले. आणि त्यांच्या दरानंही दोन गणवेशांचे ऐंशी हजारांच्या आसपास होतात. मंजुरी सदतीसचीच आहे."

सचिवांनी मॅडमकडून तक्ता घेऊन आकडे वाचले. मग म्हणाले, "एक-एक द्या पोरायले. दुसऱ्याचं कापड परत. ते दिवाळीनंतर पाहू, मंजुरी आली तं. पण चूक तुमची बी हाय. जोडामागं दहा रुपये कमी."

"साहेब, चूक..." मी बोलायला लागलो.

बायको म्हणाली, "हाव. कमी करा." मग माझ्याकडं न बघता, "पन लिवून द्या. मुदत दोन दिवस सरकवा."

"मुदत एक तास बी सरकत नाई. सोमवारी पोरं रांगेत उभी राहतील."

मी म्हणालो, "मग लिहून तरी द्या. जोड असं नको. एक शर्ट व एक पॅन्ट, नग दोनशेदहा, असं." मॅडमनी लिहिलं, सचिवांनी सही करताना "काय लोक हायत" असं म्हटलं आणि केली. दोनशेदहाला दहा म्हणजे एकवीसशे कमी. सदतीस हजारांचे चौतीस हजार नऊशे राहिले. बाहेर आल्यावर मी बायकोला विचारलं, हाव काऊन म्हटलं एवढ्या लवकर? ती म्हणाली, "तुमी एकवीसशेचा हिशेब करत बसले असते आन् त्यानं मन बदललं असतं."

अर्धं कापड त्याच संध्याकाळी परत केलं, मोजून, चलन घेऊन. गुरुवारी पहाटे मास्तर आले. पहिल्या थरात सव्वीस नंबर, मग चढत्या क्रमानं, प्रत्येक गठ्ठ्याला नंबरची चिठ्ठी. खालच्या घडीत आणि वरच्या घडीत फरक पडू नये म्हणून ते कापड चापून ठेवत आणि बोलत नसत. मी मोजायचं काम घेतलं होतं, मास्तरांनी एकदाच माझ्याकडं पाहून म्हटलं, "जोड मोजा, भाऊ, जोडी नका मोजू."

बायकांनी काम वाटून घेतलं. दोघी शर्टाला, दोघी पॅन्टला, बायको कॉलर आणि चेन. तयार माल आठवड्यातून दोनदा काज-बटणाला सिंदखेडराजाला जात होता. दिवसाला तेरा निघाले तर मुदत गाठत होती. पहिले दोन दिवस अकराच निघाले. मग चौदा, मग पुन्हा अकरा. मी रोज संध्याकाळी उरलेले आकडे बायकोला सांगायचो. एके दिवशी ती म्हणाली, "आजपासून सांगू नका. आयकून शिवण वाकडी जाते." त्यानंतर मी मनातच मोजत होतो.

तेरा तारखेला वादळ झालं आणि वीज गेली. मशीनांना मोटारी बसवल्या होत्या. पायाचा पट्टा काढून कोपऱ्यात टाकलेला. बायकोनं एकेका मशीनचा मोटारीचा पट्टा सोडला आणि पायाचा चढवला. मावशी म्हणाल्या, "माह्या पायाले लाईट बिल येत नाई." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पायानंच शिवत होत्या. वीज आली तेव्हा त्यांना समजलंही नाही, पंखा फिरला तेव्हा कळलं.

शुक्रवारी रात्री शेवटचे शर्ट काजाहून परत यायचे होते. टेम्पोवाल्याचा फोन लागत नव्हता. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ट्रक गेले, एसटी गेली. एवढी भीती मला त्या टेबलासमोरही वाटली नव्हती. तिथं निदान बोलायला समोर माणूस होता. टेम्पो आला. टायर पंक्चर झालं होतं, टेम्पोवाला म्हणाला, आणि माझ्याकडं पाहून हसला. मी त्याच्यावर ओरडलो, आणि मग त्याला पाणी दिलं.

शनिवारी दुपारी आम्ही शाळेत होतो. व्हरांड्यात सतरंजीवर नंबरवार ढिगारे लावले. मॅडमनी यादी हातात घेतली आणि एकेक मोजलं. चौतीस नंबरमध्ये एक शर्ट कमी निघाला. त्या पुन्हा मोजायला लागल्या. मी छत्तीसच्या ढिगाऱ्यात एकेक लेबल पाहत गेलो आणि सातव्या शर्टाच्या कॉलरवर चौतीस दिसलं. मॅडमनी तो घेतला, ढिगाऱ्यात ठेवला आणि पुढं मोजत गेल्या. पाच वाजायच्या आधी त्यांनी पावतीवर लिहिलं: शर्ट २१०, पॅन्ट २१०, मुदतीत मिळाले.

सचिव आले, एक पॅन्ट उलटी करून शिवण ओढून पाहिली. "पक्की हाय," म्हणाले. आम्हाला चहा मागवला. घोट घेताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

चेक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला, बायकोच्या नावानं, चौतीस हजार नऊशे रुपयांचा. चौघींना मिळून पंधरा हजार एकशे वीस. जोडामागं ठरलेले नव्वद बायकोसकट पाच जणींत सारखे वाटायचे होते, त्यातले हे चार वाटे; ते कमी केले नाहीत, कारण चूक त्यांची नव्हती. मास्तरांना दोन हजार पाचशे वीस. बटणं, चेन, धागा, कॅनव्हास आणि पिशव्यांच्या दुकानदाराला चार हजार सहाशे वीस. काज-बटणवाल्याला दोन हजार शंभर. टेम्पोवाल्याला आठशे. उरलेले नऊ हजार सातशे चाळीस बायकोला.